चाळीस घरांचा फंड

*ताई, दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या आमच्या वाडीत यंदा चिऱ्याचं घर बांधून पुरं केलं. वर कौलं आहेत. पुढेमागे दोन खोल्या पर्यटकांना द्यायचा विचार आहे. बँकेतल्या माणसाने घराच्या विम्याचा आकडा दिला: २५ लाखांच्या घराला वर्षाला १,७७० रुपये. आमच्यात आजवर कुणी घराचा विमा काढलेला नाही. काका म्हणतात, काही झालं नाही तर पैसे पाण्यात. त्यापेक्षा वाडीतल्या चाळीस घरांनी दरवर्षी एवढेच पैसे गावकीच्या फंडात टाकावेत, ज्याचं नुकसान होईल त्याला द्यावेत, उरले तर आपलेच. मला ते पटतंय. हा १,७७० चा आकडा येतो तरी कुठून? आणि एकजण सांगतोय की रक्कम १५ लाखच दाखव, हप्ता कमी बसेल. तसं करू का?*
*— नवा घरवाला*

तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सुचवलंय त्याचंच नाव विमा. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने उचलायचं, यापलीकडे विमा कंपनीतही काही निराळं चालत नाही. मी वीसेक वर्षं विमा कंपनीच्या फायर डिपार्टमेंटला प्रस्ताव तपासत बसले होते, म्हणून सांगते. काकांच्या कल्पनेत खोट नाही. खोट आहे ती ‘चाळीस’ या आकड्यात, आणि त्याहून मोठी खोट ‘एकाच वाडीतली’ या शब्दांत आहे.

आधी हप्त्याची फोड करू. पुढचे आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत. खऱ्या कंपनीकडे तिच्या स्वतःच्या जुन्या दाव्यांचा हिशेब असतो, शिवाय सगळ्या कंपन्यांचे दावे एकत्र करून इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो आकडे काढतं, ते असतात. २००६ सालापर्यंत आगविम्याचे दर देशभर ठरवून दिलेले होते. १ जानेवारी २००७ पासून ते मोकळे झाले, तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला दर काढते. म्हणून एकाच घराला दोन ठिकाणी दोन आकडे मिळतात.

समजा, तुमच्यासारख्या एक हजार घरांत वर्षाला एका घरावर काहीतरी ओढवतं: शॉर्टसर्किट, सिलिंडरचा भडका, वीज, माड छपरावर येणं. अशा घटनेत सरासरी ५ लाखांचं नुकसान होतं असं धरू. ५ लाख हजार घरांत वाटले की घरटी ५०० रुपये झाले. आता वादळ. समजा, तुमच्या पट्ट्यात घरांना खरोखर झोडपणारं वादळ चाळीस वर्षांत एकदा येतं आणि त्यात घरटी सरासरी २०,००० चं नुकसान होतं. कुणाची चार कौलं जातात, कुणाचं अख्खं छप्पर. २०,००० चाळीस वर्षांत वाटले की तेही ५०० च. हे हजार रुपये म्हणजे शुद्ध जोखमीची किंमत. त्यावर कंपनीचा खर्च आणि एजंटचं कमिशन येतं. त्याला साधारण विमा कंपन्यांसाठी, म्हणजे आयुर्विमा सोडून बाकीचे विमे देणाऱ्या कंपन्यांसाठी, एकूण हप्त्याच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. ४५० त्याचे धरू आणि ५० वाईट वर्षासाठी राखून ठेवायचे. झाले १,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २७० रुपये. एकूण १,७७०. तुमच्या कागदावर यातला फक्त जीएसटी वेगळा दिसेल, बाकीची फोड छापत नाहीत.

आता काकांचा फंड. त्यात कमिशन नाही, ऑफिस नाही, जीएसटी नाही. पूर्ण १,७७० धरा. चाळीस घरांचे वर्षाला ७०,८०० जमतात. वरच्या हिशेबाने चाळीस घरांत अशी घटना पंचवीस वर्षांत एकदा घडणार, म्हणजे तोवर पावणेअठरा लाख साठतील आणि जातील फक्त पाच. कागदावर फंड कंपनीपेक्षा सरस दिसतो, आणि काका तेच म्हणताहेत.

पण पंचवीस वर्षांत एकदा म्हणजे पंचविसाव्या वर्षी नव्हे. ती घटना तिसऱ्या वर्षीही घडू शकते. ५ लाख साठायलाच फंडाला सात वर्षं लागतात, आणि त्या सात वर्षांत एखादं घर सापडण्याची शक्यता साधारण चारात एक आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला फंडात असतील २,१२,४००. ज्याचं घर गेलं त्याला अर्ध्याहून कमी मिळतील आणि पेटी रिकामी होईल. चौथ्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या घरावर माड पडला तर त्याला काय द्यायचं, या प्रश्नावर गावकीची बैठक रात्री दोन वाजेपर्यंत चालेल. आणि मी ५ लाख ही सरासरी धरली आहे. अख्खं घरच गेलं तर नुकसान २५ लाखांचं असतं.

याच हिशेबात घरं वाढवून बघा. एक लाख घरं घेतली तर वर्षाला शंभरेक घटना होतील. कधी ९३, कधी १०८. गणित असं सांगतं की शंभरातल्या पंचाण्णव वर्षी हा आकडा ८० ते १२० च्या आतच राहतो. म्हणजे सरासरीने घरटी ५०० लागत असतील तर वाईट वर्षीही ६०० पुरतात. दहा हजार घरांत सरासरी दहा घटना, पण त्या चारही असू शकतात आणि सोळाही. तिथे ५०० चे ८०० धरून चालावं लागतं. आणि तुमच्या चाळीस घरांत वाईट वर्ष म्हणजे एक घटना: ५ लाख भागिले चाळीस, घरटी १२,५०० रुपये. सरासरी तिन्हीकडे तीच आहे, बदलतो तो सरासरीभोवतीचा हेलकावा. होडी लहान असली की लाट तेवढीच असूनही जास्त हलते. घरं शंभरपट झाली की हेलकावा सरासरीच्या मानाने दहापट कमी होतो, आणि हप्ता ठरवणाऱ्याला नेमकी तीच खात्री हवी असते. तुमच्या घराचं काय होणार हे कंपनीला तुमच्याहून जास्त कळत नाही. लाख घरांचं काय होणार हे मात्र तिला बऱ्यापैकी कळतं.

यातच ‘पैसे पाण्यात’ याचंही उत्तर आहे. तुमचे १,७७० कुठे तुमच्या नावाने पडून राहत नाहीत. भिशीत तुमचा नंबर कधीतरी लागतोच; इथे तो लागू नये अशीच इच्छा असते. त्या वर्षी ज्या शंभर घरांत काही घडलं, त्यांना तुमचे पैसे त्याच वर्षी गेलेले असतात. म्हणून काही झालं नाही तर परत काय मिळेल, हे घराच्या विम्यात विचारायचंच नाही. पैसे परत मिळण्याची सोय असलेली पॉलिसी कुणी दाखवली, तर त्या परतीचे पैसेही आधी तुमच्याकडूनच जास्तीचे घेतलेले असतात.

इथवर मी आगीबद्दल बोलले. आग एका घराची असते. शेजारच्याचं शॉर्टसर्किट झालं म्हणून तुमचं होत नाही, आणि लाख घरांचं गणित बसतं ते याच एका अटीवर. वादळ ती अट मोडतं.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली असा सगळा पट्टा एकाच दुपारी झोडपला गेला. माझ्या मावशीचं घर त्याच पट्ट्यात आहे. माजघरावरची कौलं उडाली, रिपा उघड्या पडल्या आणि पडवीवर शेजारच्या आगरातली पोफळ आडवी झाली. मी फोन करत होते, पण लाइन कित्येक दिवस लागलीच नाही. शेवटी बोलणं झालं तेव्हा तिची तक्रार वादळाबद्दल नव्हतीच. ती सांगत होती की कौलं मिळत नाहीत, पत्रा मिळाला तर भाव चढलेला आणि सुतार चार गावांना पुरा पडत नाही. महिनाभर ती ताडपत्रीखाली राहिली, आणि पाऊस तर तेव्हा नुकताच सुरू होत होता.

आता हे दृश्य तुमच्या फंडावर बसवा. चाळीस घरं गुणिले २०,००० म्हणजे ८ लाख. एवढी रक्कम फंडात जमायला अकरा वर्षांच्या वर लागतात, आणि तोवर आग लागली नाही असं धरलं तर. शिवाय मी २०,००० धरले ते नेहमीच्या भावाने. अख्खा तालुका एकाच आठवड्यात कौलं शोधू लागला की तेच काम तीस-पस्तीस हजारांवर जातं. फंडातला प्रत्येक सभासद त्या दिवशी एकदम हात पुढे करणार, द्यायला कुणीच उरणार नाही. एकाच वाडीतली घरं ही खोट मी म्हटलं ती ही. आणि इथे संख्या वाढवूनही उपयोग नाही. अलिबाग ते वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरची लाख घरं एकत्र केलीत तरी एका मोठ्या वादळाला त्यातली हजारो एकदम सापडतील. ‘निसर्ग’नंतर अकरा-बारा महिन्यांत, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासून गेलं आणि त्याच जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. चाळीस वर्षांतून एकदा हे माझं धरलेलं आहे, समुद्राने ते मान्य केलेलं नाही.

मग कंपनी काय करते? ती वादळाच्या जोखमीला लांबच्या जोखमीची जोड देते. तुमच्या घराबरोबर तिच्या वहीत अमरावतीचं घर असतं, भोपाळचं दुकान असतं, लुधियानाचं गोदाम असतं. दापोलीत छपरं उडतात त्या दिवशी तिथे ऊन पडलेलं असतं. त्याउपर, एका घटनेत ठरावीक रकमेपेक्षा जास्त दावे आले तर वरचा भाग दुसऱ्याने सोसावा असा करार ती करते. याला पुनर्विमा म्हणतात: विमा कंपनीने स्वतःचा काढलेला विमा. मुंबईची जीआयसी री ही सरकारी कंपनी तेच काम करते; २०२२-२३ पासून प्रत्येक साधारण विमा पॉलिसीचा ४ टक्के भाग तिच्याकडे देणं बंधनकारक आहे. त्यापुढचा वाटा म्युनिक, झुरिक अशा ठिकाणच्या कंपन्यांकडे जातो. त्यांच्या वहीत तुमच्या वाडीतली कौलं जपानच्या भूकंपाशेजारी आणि फ्लोरिडाच्या चक्रीवादळाशेजारी मांडलेली असतात. ही तिन्ही संकटं एकाच आठवड्यात येण्याची शक्यता फार कमी, म्हणून हे परवडतं. या पुनर्विम्याचीही किंमत तुमच्या हप्त्यात बसलेली असते. जगात कुठे मोठी आपत्ती आली की पुनर्विमा महाग होतो, आणि मग तुमच्याकडे काहीही घडलेलं नसताना पुढच्या वर्षी हप्ता थोडा चढू शकतो. तेव्हा बँकेतल्या माणसाशी भांडून उपयोग नाही, त्यालाही ते ठाऊक नसतं.

आता फंडातलं आणखी एक दुखणं सांगते, कारण तुम्हाला पुढे फॉर्ममध्ये जे प्रश्न विचारतील त्यांचं मूळ तिथेच आहे. तुमच्या चाळीस घरांत दहा घरं अगदी पुळणीला लागून असतील आणि तीस वर टेपावर. समजा, वादळाची खरी जोखीम खालच्या घरांना वर्षाला १,४०० ची आहे आणि वरच्यांना २०० ची. सरासरी ५०० च येते, करून बघा. सगळ्यांकडून ५०० घेतले तर दोन-तीन वर्षांत वरच्यांपैकी कुणीतरी हिशेब मांडतो आणि म्हणतो, मी कशाला? तो सुटला की सरासरी चढते. ती चढली की आणखी दोघे सुटतात. शेवटी खालची दहाच घरं उरतात आणि प्रत्येकाला १,४०० पडतात. कंपनीचंही असंच होऊ शकतं, म्हणून ती विचारते: भिंत कशाची, छप्पर कशाचं, घर कुठे आहे, आत काय चालतं. सारख्या जोखमीची घरं एका दरात बसवण्यासाठी ते असतं. याच कारणाने वादळाचा इशारा आल्यावर पॉलिसी काढायला गेलात तर दार बंद सापडेल. त्या दिवशी येणारा प्रत्येकजण किनाऱ्यावरचाच असतो, आणि अशा गर्दीचा हप्ता कुणालाच परवडणार नाही.

म्हणूनच ‘दोन खोल्या पर्यटकांना’ हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, त्यावर मी थांबले. तुम्हाला दिलेला आकडा राहत्या घराचा दिसतो. एप्रिल २०२१ पासून राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक मजकुराची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात. तुमचीही बहुधा तीच असेल. पर्यटक आले की रोज नवीन माणूस, जास्तीचे गिझर, बाहेरचं स्वयंपाकघर, म्हणजे आगीची जोखीम बदलली. आज खोल्या दिलेल्या नसतील तर आज राहतं घर म्हणूनच काढा. ज्या महिन्यात पाहुणे घ्यायला लागाल त्या महिन्यात कंपनीला लेखी कळवा. ती जास्त हप्ता मागेल किंवा छोट्या व्यवसायासाठी असलेल्या पॉलिसीत जायला सांगेल. दोनशे-चारशे रुपये वाचवायला हे लपवलंत तर आगीनंतर नुकसान मोजायला सर्व्हेअर येतो तेव्हा अंगणातली पाटी आणि इंटरनेटवरचे खोल्यांचे फोटो त्याला दिसतातच. असे प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले आहेत, आणि त्या घरच्यांच्या रडण्याला आमच्याकडे उत्तर नसायचं.

पंधरा लाखांचं म्हणाल, तर करू नका. हप्ता विम्याच्या रकमेवर दर लावून काढतात, आणि तो दर असं धरून असतो की प्रत्येकाने पूर्ण किंमत सांगितली आहे. बहुतेक नुकसान पूर्ण घराचं नसतंच, ते एका छपराचं, एका खोलीचं असतं. १५ लाख दाखवणारा ४० टक्के कमी भरतो, पण छपराचा दावा मात्र पूर्ण मागतो. फरक बाकीच्यांच्या खिशातून जातो. म्हणून आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत कात्री असते: २५ च्या जागी १५ दाखवले तर ५ लाखांच्या नुकसानीला ३ च लाख. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ती कात्री काढून टाकलेली आहे, तेवढी ती चांगली. पण घर पूर्ण गेलं तर १५ च्या वर एक रुपया मिळत नाही, आणि चटईक्षेत्र खोटं लिहिलं असेल तर ते १५ ही वादात पडतात. २५ लाख बरोबर आहेत का ते स्वतः पडताळा: आतलं चटईक्षेत्र गुणिले आज बांधायला येणारा खर्च. जागेची किंमत धरायची नाही, जमीन जळत नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या आत, आपोआप संरक्षण मिळतं. तुमच्या बाबतीत ते ५ लाख. दागिने आणि मौल्यवान वस्तू त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या मागून घ्याव्या लागतात. छपरावर पडलेला माड या पॉलिसीत बसतो. आगरातला माड स्वतः पडला तर त्याचे पैसे घराच्या विम्यातून मिळत नाहीत.

काकांचा फंड मोडू नका, फक्त त्याचं काम बदला. वादळानंतरचे पहिले आठ दिवस कुठलीही कंपनी पोचत नाही. चाळीस घरांना पुरतील एवढ्या ताडपत्र्या, सुंभ, झाडं कापायची एक यांत्रिक करवत आणि तिचं पेट्रोल ७०,८०० मध्ये आरामात येतं. ताडपत्री अंथरण्याआधी उघड्या रिपांचा फोटो मात्र काढून ठेवायला सगळ्यांना सांगा. सर्व्हेअर येईपर्यंत पाऊस सगळं धुऊन नेतो, आणि मावशीकडे तो एकच फोटो नव्हता.